घटत्या शिलकीवरचा मासिक हप्ता कागदावर कसा काढायचा: भूमिती श्रेढीची पद्धत, टप्प्याटप्प्याने

हप्ता काढताना बहुतेकांचा हिशेब गुणाकारात चुकत नाही. तो चुकतो दर मांडताना, हप्ते मोजताना आणि आकडे लवकर गोल करताना. या तीन जागा सांभाळल्या तर साध्या कॅल्क्युलेटरवर, किंवा तोही नसेल तर वहीच्या दोन पानांत, रुपयापर्यंत बरोबर हप्ता निघतो.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घराने दोन म्हशी घ्यायला १,२०,००० रुपयांचं कर्ज काढलं आहे. दर वर्षाला १५ टक्के, घटत्या शिलकीवर, आणि फेड २४ समान मासिक हप्त्यांत. दुधाचं बिल नेमाने येतं, म्हणून मासिक हप्ता जमतो. उसाच्या बिलावर फेडायचं पीककर्ज वेगळं असतं. तिथे दर महिन्याला समान हप्ता नसतो, त्यामुळे खालची पद्धत त्याला जशीच्या तशी लावू नका.

## टप्पा १: कागद वाचून चार आकडे बाजूला काढा

वहीत चार ओळी लिहा: मुद्दल, दर, हप्त्यांची संख्या, आणि पहिला हप्ता कधी. चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. तिच्यामुळे काय बिघडतं ते शेवटच्या टप्प्यात पाहू.

आपल्या भागात कागद कन्नडमध्ये असला की एक गंमत होते. कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. घाईत वाचणारा ‘साल’समोरचा आकडा मुदत म्हणून उचलतो. ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘कंतु’ म्हणजे हप्ता आणि ‘तिंगळु’ म्हणजे महिना. एवढे पाच शब्द ओळखता आले की चारही आकडे सापडतात.

दर तोंडी सांगितला असेल तर तो वर्षाचा की महिन्याचा, हे आधी विचारा. ‘शेकडा सव्वा रुपया’ म्हणजे शंभराला महिना सव्वा रुपया, म्हणजेच वर्षाला १५ टक्के. कागदावर ‘१५ टक्के’ असेल तर तो वर्षाचा दर. रक्कम एकच, पण सव्वा रुपयाला पुन्हा बाराने भागलं की सगळा हिशेब कोसळतो.

इथे थांबून विचारा: व्याज ‘घटत्या शिलकीवर’ आहे की ‘फ्लॅट’? फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यातही पूर्ण मुद्दलावर व्याज लागतं. त्याचा हिशेब साधा आहे: १,२०,००० वर दोन वर्षांचं १५ टक्क्यांनी व्याज ३६,०००, एकूण १,५६,०००, भागिले २४, म्हणजे हप्ता ६,५०० रुपये. हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

## टप्पा २: मासिक दर आणि गुणक

वर्षाच्या दराला १२ ने भागा, मग १०० ने.

```
१५ ÷ १२ = १.२५
१.२५ ÷ १०० = ०.०१२५   (मासिक दर, र)
१ + ०.०१२५ = १.०१२५    (गुणक, ग)
```

गुणकाचा अर्थ सरळ आहे. महिन्याच्या सुरुवातीला १ रुपया देणं असेल, तर महिन्याअखेर ते १.०१२५ रुपये होतं.

पहिली नेहमीची चूक इथेच होते: १०० ने भागायचं राहतं आणि १.२५ हाच गुणक समजला जातो. मग कर्ज महिन्याला २५ टक्क्यांनी वाढतं आणि उत्तर काहीच्या काही येतं. ती चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी चूक दिसत नाही, आणि तीच जास्त महाग पडते: १.०१२५ लांबलचक वाटतो म्हणून १.०१३ लिहिणं. कुणी गुणक १.०१३ धरून पुढे गेलं आणि व्याज मात्र ०.०१२५ नेच मोजलं, तर हप्ता सुमारे ५,६२८ येतो. खरा हप्ता त्यापेक्षा १९० रुपयांनी मोठा आहे. उत्तर पटण्यासारखं दिसतं, म्हणून कुणी शंका घेत नाही.

नियम: गुणक कधीच गोल करायचा नाही. पुढच्या गुणाकारांत दशांशानंतर सहा अंक ठेवा. हप्ता अगदी शेवटी गोल करा.

## टप्पा ३: श्रेढी मांडा, पण सूत्र पाठ करू नका

सूत्र पाठ केलं की त्यातला २४ कुठे आणि २३ कुठे याचा घोळ होतो. त्यापेक्षा शेवटच्या हप्त्याच्या दिवशी उभं राहून मागे पाहा.

कुणी एकही हप्ता भरला नसता तर १,२०,००० रुपये २४ महिन्यांत २४ वेळा गुणकाने वाढले असते. म्हणजे त्या दिवशीचं देणं १,२०,००० × ग^२४.

आता हप्ते पाहा. पहिला हप्ता पहिल्या महिन्याच्या अखेरीस भरला. शेवटच्या दिवसापर्यंत त्याला २३ महिने मिळाले, म्हणून त्याने हप्ता × ग^२३ एवढं देणं कमी केलं. दुसऱ्याला २२ महिने मिळाले. असं करत तेविसाव्याला एक महिना मिळाला, आणि चोविसावा त्याच दिवशी भरला, त्यामुळे तो जसाच्या तसा, १ ने गुणलेला.

```
१ + ग + ग^२ + … + ग^२३
```

ही भूमिती श्रेढी. काही पुस्तकांत तिला गुणोत्तर श्रेढी म्हणतात. प्रत्येक पद मागच्या पदाच्या १.०१२५ पट आहे. पदं किती ते बोट ठेवून मोजा. घात ० पासून २३ पर्यंत जातो, म्हणजे पदं २४. शेवटचा घात २३ दिसतो म्हणून पदं २३ धरणं ही या पद्धतीतली सर्वांत नेहमीची चूक. तसं केलं आणि देणंही ग^२३ ने काढलं, तर २३ हप्त्यांच्या कर्जाचा हप्ता निघतो, सुमारे ६,०३६ रुपये.

बेरीज काढायला चोवीस आकडे मिळवायची गरज नाही. पूर्ण ओळीला ग ने गुणा आणि नव्या ओळीतून जुनी ओळ वजा करा. मधली सगळी पदं एकमेकांना खातात. उरतं नव्या ओळीचं शेवटचं पद आणि जुन्या ओळीचं पहिलं:

```
(ग − १) × बेरीज = ग^२४ − १
बेरीज = (ग^२४ − १) ÷ र
```

ग − १ म्हणजेच र, म्हणून भागाकार ०.०१२५ ने. देणं आणि फेड शेवटच्या दिवशी सारखी झाली पाहिजे, म्हणून:

```
हप्ता × बेरीज = १,२०,००० × ग^२४
```

बँकेच्या पुस्तिकेत जे सूत्र छापलेलं असतं ते याच ओळीचं दुसरं रूप आहे.

## टप्पा ४: ग^२४ हाताने

चोवीस वेळा गुणायचं नाही. २४ म्हणजे ३ × २ × २ × २. आधी घन, मग तीनदा वर्ग, बस्स.

वर्ग करताना पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने गुणत बसू नका. १ बाजूला ठेवा. उरलेल्या भागाची दुप्पट करा, त्याचा वर्ग मिळवा, आणि १ परत जोडा. ०.०३७९७१ सारख्या छोट्या आकड्याचा वर्ग करणं १.०३७९७१ पेक्षा बरंच सोपं आहे, आणि शून्यं मोजायची चूकही कमी होते.

```
ग^२  = १.०२५१५६
ग^३  = १.०३७९७१
ग^६  = १ + ०.०७५९४२ + ०.००१४४२ = १.०७७३८४
ग^१२ = १ + ०.१५४७६८ + ०.००५९८८ = १.१६०७५६
ग^२४ = १ + ०.३२१५१२ + ०.०२५८४२ = १.३४७३५४
```

मधल्या ओळी खोडू नका. मुदत ३६ महिन्यांची असेल तर ग^२४ ला ग^१२ ने गुणलं की झालं, १.५६३९४९. तीस महिन्यांना ग^२४ × ग^६. घातांची बेरीज करायची, आकड्यांचा गुणाकार. घाईत लोक नेमकं उलटं करतात.

तपासणी: ग^२४ हा १ + २४ × ०.०१२५, म्हणजे १.३० पेक्षा मोठा आलाच पाहिजे, पण फार मोठा नाही. १.३० च्या खाली आला तर एखादा वर्ग चुकला आहे. अगदी १.३० आला तर तुम्ही घात न करता सरळव्याज मोजलं आहे. या चुकीचा परिणाम पाहण्यासारखा आहे: ग^२४ च्या जागी १.३० घालून पुढचा हिशेब केला तर हप्ता येतो बरोबर ६,५००, म्हणजे कोपऱ्यात लिहिलेला फ्लॅटचा हप्ता. तोच आकडा आला की चूक कुठे झाली हे आपोआप कळतं.

## टप्पा ५: बेरीज, मग हप्ता

```
बेरीज = ०.३४७३५४ ÷ ०.०१२५ = २७.७८८३२
देणं  = १,२०,००० × १.३४७३५४ = १,६१,६८२.४८
हप्ता = १,६१,६८२.४८ ÷ २७.७८८३२ = ५,८१८.३६
```

०.०१२५ ने भागणं अवघड वाटत असेल तर ८० ने गुणा, एकच गोष्ट आहे. कितीही अंक ठेवून काढलेलं उत्तर ५,८१८.४० आहे. सहा अंकांवर थांबल्यामुळे चार पैशांचा फरक पडला, तो चालेल. चारच अंक ठेवले असते तर महिन्याला दोन रुपयांच्या आसपास फरक पडला असता आणि बँकेच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळला नसता. मग चूक कुणाची यावर उगाच वाद.

## टप्पा ६: उत्तर पटतं का पाहा

गणित सोडून साध्या डोक्याने पाहा. मुद्दलाचा वाटा महिन्याला सरासरी ५,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज १,२०,००० वर १,५०० रुपये. मुद्दल सारखं ५,०००-५,००० कमी होत गेलं असतं, तर शेवटच्या महिन्यात ५,००० वर ६२.५० रुपये व्याज लागलं असतं. दोन्हींची सरासरी ७८१.२५. म्हणून हप्ता ५,७८१ च्या आसपास, पण त्याहून जरा जास्त असायला हवा. जास्त का? समान हप्त्यात सुरुवातीला मुद्दल ५,००० पेक्षा कमी फिटतं, त्यामुळे शिलकीवर व्याज थोडं जास्त चढतं.

म्हणजे खालची कड ५,७८१, वरची कड ६,५००. आपला ५,८१८ मधे बसतो आणि खालच्या कडेजवळ आहे. घटत्या शिलकीचा हप्ता असाच असतो.

वरच्या कडेजवळ उत्तर आलं तर आधी स्वतःचा हिशेब तपासा. तो बरोबर असेल आणि कागदावरचाच हप्ता ६,५०० असेल, तर ‘घटत्या शिलकीवर’ हे शब्द कितीही ठळक छापलेले असोत, व्याज फ्लॅटच लागतं आहे. १२ लाखांचं कर्ज असो की १.२ लाखांचं, या दोन हप्त्यांमधलं अंतर लपत नाही. आपल्या उदाहरणात २४ महिन्यांचं एकूण व्याज घटत्या शिलकीवर सुमारे १९,६४२ रुपये आणि फ्लॅटवर ३६,०००. फ्लॅटचे १५ टक्के घटत्या शिलकीच्या भाषेत साडेसव्वीस टक्क्यांच्या घरात जातात. आणि उलट पाहिलं तर ‘फक्त सव्वाआठ टक्के फ्लॅट’ म्हणजे जवळपास हेच १५ टक्के.

## टप्पा ७: तीन महिन्यांची वही मांडा

सूत्रावर विश्वास नसेल तर पहिले तीन महिने हाताने लिहा. हप्ता ५,८१८ धरू.

पहिला महिना: व्याज १,५००, मुद्दलात जमा ४,३१८, शिल्लक १,१५,६८२.
दुसरा महिना: व्याज १,४४६.०३, मुद्दलात ४,३७१.९७, शिल्लक १,११,३१०.०३.
तिसरा महिना: व्याज १,३९१.३८, मुद्दलात ४,४२६.६२, शिल्लक १,०६,८८३.४१.

मुद्दलाचे तीन आकडे पाहा: ४,३१८, ४,३७१.९७, ४,४२६.६२. प्रत्येक आकडा मागच्याच्या १.०१२५ पट आहे. म्हणजे मुद्दलाची फेडही भूमिती श्रेढीतच चालते, आणि हीच वहीची सर्वांत झटपट तपासणी. पासबुकातल्या कुठल्याही दोन लागोपाठच्या महिन्यांची मुद्दल-जमा घ्या, दुसरीला पहिलीने भागा. १.०१२५ आलं नाही तर त्या दोन महिन्यांत काहीतरी वेगळं झालं आहे: दर बदलला, उशिराचा दंड लागला, किंवा एखादं शुल्क कर्जखात्यातून कापलं गेलं.

दर महिन्याचं व्याज नेहमी त्या महिन्याच्या सुरुवातीच्या शिलकीवर काढा. काही जण हप्ता वजा केल्यावरच्या शिलकीवर व्याज काढतात आणि मग वही सूत्राशी जुळत नाही.

हप्ता पूर्ण रुपयात, ५,८१८ धरला की चोविसाव्या हप्त्यानंतर सुमारे ११ रुपये उरतात. शेवटचा हप्ता तेवढ्याने मोठा होतो. ५,८१९ धरला तर शेवटचा हप्ता लहान, सुमारे ५,८०२ रुपये. दोन्ही बरोबर आहेत. शेवटच्या हप्त्यातल्या या दहा-पंधरा रुपयांसाठी शाखेत चकरा मारू नका.

## टप्पा ८: मधेच कर्ज मिटवायचं असेल तर

बारा हप्ते झाले, आता किती उरलं? निम्मी मुदत संपली म्हणून निम्मं मुद्दल, ६०,००० रुपये घेऊन शाखेत जाणारा हिरमुसून परत येतो. श्रेढी तीच, फक्त २४ च्या जागी १२:

```
१,२०,००० × १.१६०७५६ = १,३९,२९०.७२
बेरीज = ०.१६०७५६ ÷ ०.०१२५ = १२.८६०४८
५,८१८ × १२.८६०४८ = ७४,८२२.२७
शिल्लक = ६४,४६८.४५
```

ग^१२ चौथ्या टप्प्यातच काढला होता, म्हणून मधल्या ओळी खोडू नका म्हटलं. शाखेचा आकडा यापेक्षा मोठा निघाला तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क आणि शेवटच्या हप्त्यापासून आजपर्यंतच्या दिवसांचं व्याज वेगळं लिहून मागा. ते वजा केल्यावर ६४,४६८ च्या जवळ यायलाच हवं.

## टप्पा ९: पहिल्या हप्त्याची तारीख

आता चौथी ओळ. आपल्या श्रेढीत पहिला हप्ता कर्ज हातात आल्यापासून बरोबर एका महिन्याने आहे. प्रत्यक्षात दोन तऱ्हा दिसतात.

एक, पैसे महिन्याच्या मधे मिळतात आणि हप्ता ठरलेल्या तारखेला असतो. समजा पहिला हप्ता एका महिन्यापेक्षा दहा दिवस उशिरा आहे. १,२०,००० वर १५ टक्क्यांनी दिवसाला ४९.३२ रुपये, म्हणजे दहा दिवसांचे सुमारे ४९३ रुपये. हे व्याज वेगळं घेतलं जातं किंवा पहिल्या हप्त्यात मिसळलं जातं. बाकीचे हप्ते तेच राहतात. पहिला हप्ता मोठा दिसला म्हणून सगळी मांडणी चुकीची ठरवू नका.

दोन, ‘ॲडव्हान्स हप्ता’. कर्ज देतानाच पहिला हप्ता कापून घेतात. अशा वेळी प्रत्येक हप्त्याला एक महिना जास्त मिळतो. श्रेढी १ पासून नाही, ग पासून सुरू होते आणि ग^२४ वर संपते. पदं २४ च. बेरीज १.०१२५ पट मोठी, म्हणून हप्ता तेवढ्याने लहान हवा:

```
५,८१८.४० ÷ १.०१२५ = ५,७४६.५७
```

पहिला हप्ता हातोहात कापून घेऊनही ५,८१८ च मागत असतील, तर दर हप्त्याला सुमारे ७२ रुपये जास्त जात आहेत. कागदावरचा दर १५ टक्केच राहतो. म्हणून ही गोष्ट दराच्या ओळीत शोधून सापडत नाही, तारखेच्या ओळीत सापडते.

बँक आणि वित्त कंपन्यांकडून १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ कर्जांसोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात हप्त्यांचं वेळापत्रक आणि शुल्कासकट वार्षिक दर असतो. तो वार्षिक दर १५ पेक्षा जास्त दिसला तरी तुमचा हप्ता चुकला असं नाही. त्यात प्रोसेसिंग शुल्क मिसळलेलं असतं, हप्ता मात्र १५ नेच काढलेला असतो. तुमच्या वहीतला आकडा वेळापत्रकातल्या पहिल्या ओळीशी ताडा: व्याज १,५००, मुद्दल ४,३१८ च्या आसपास. ती ओळ जुळली की पुढची प्रत्येक ओळ १.०१२५ ने तपासता येते.